ब्लूटूथ इअरफोनवर गेमचा आवाज उशिरा का येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घणसोलीत राहतो आणि डबिंगच्या स्टुडिओत आवाज जुळवायचं काम करतो. पडद्यावरच्या ओठांवर शब्द नेमका बसला की नाही, हे दिवसभर बघायचं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून भाचा राहायला आला होता. बीजीएमआय खेळता खेळता तो म्हणाला, "मामा, बटण दाबल्यावर गोळी सुटलेली दिसते, पण ठो ऐकू येतो नंतर. असं का?" त्या सुट्टीत आम्ही दोघांनी घरातले आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले सगळे इअरफोन लावून उशीर मोजला. तेव्हापासून आमच्या सोसायटीतली पोरं आणि त्यांचे आईवडील मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

हा उशीर नेट स्लो असल्यामुळे होतो का?

नाही. नेट हळू असेल तर दुसरे खेळाडू अडखळत चालताना दिसतात, किंवा आपण मारलेली गोळी समोरच्याला उशिरा लागते. पण आपल्याच बंदुकीचा आवाज आपल्याच फोनमध्ये तयार होतो, त्यासाठी सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही. खात्री करायची तर ब्लूटूथ बंद करा, फोनच्या स्पीकरवर आवाज ठेवा आणि तीच बंदूक पुन्हा चालवा. आता आवाज बोटाबरोबर आला, तर दोष ब्लूटूथच्या वाटेत आहे. स्पीकरवरही उशीर तेवढाच राहिला, तर फोन किंवा गेम यांच्यापैकी कुणीतरी दमलेलं आहे. मग नवे इअरफोन घेऊन काहीही फरक पडणार नाही.

त्याच इअरफोनवर सिनेमा बघताना ओठ आणि आवाज बरोबर जुळतात. मग गेममध्येच गडबड का?

कारण सिनेमा वाट पाहू शकतो. पुढचं दृश्य काय आहे हे व्हिडिओ ॲपला आधीच माहीत असतं. इअरफोन फोनला सांगतात की आमच्याकडे आवाजाला साधारण इतका वेळ लागतो, आणि ॲप चित्र तेवढंच थांबवून दाखवतं. उशीर तिथेही असतो, पण चित्र आणि आवाज दोघांनाही सारखाच असल्यामुळे तो कळत नाही.

गेममध्ये ही युक्ती चालत नाही. तुम्ही बटण कधी दाबणार हे गेमला ठाऊक नसतं. चित्र थांबवून आवाजाशी जुळवायचं म्हटलं, तर अख्खा खेळच तेवढ्याने मागे पडेल. म्हणून चित्र लगेच दिसतं आणि आवाज त्याच्या मागून येतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. आवाज चित्राच्या पुढे गेला तर माणसाच्या ते पटकन लक्षात येतं, मागे राहिला तर बराच वेळ चालून जातं. दूरचित्रवाणीसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेने जे मापदंड दिले आहेत, त्यांत आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवतो, मागे मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही असं धरलं आहे. पण हे नुसतं बघणाऱ्या प्रेक्षकाचं झालं. ज्याने स्वतः बोटाने बटण दाबलं आहे, त्याला त्याहून कमी उशीरही टोचतो, कारण तो आवाजाची तुलना चित्राशी नाही, स्वतःच्या बोटाशी करत असतो.

हा वेळ नेमका जातो कुठे?

बहुतेकांना वाटतं की हवेतून जायला वेळ लागतो. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, खिशातून कानापर्यंतचं अंतर त्यांना काहीच नाही. दुसरा समज असा की आवाज दाबून लहान करणं आणि तो पुन्हा उलगडणं, म्हणजे कोडेकचं काम, वेळ खातं. त्यातही थोडाच वेळ जातो. एसबीसी हा जुना, सगळ्या ब्लूटूथ इअरफोनांत असतोच असा कोडेक, आवाजाचे साधारण ३ मिलिसेकंदांचे तुकडे करतो. एएसी या दुसऱ्या कोडेकचा तुकडा मोठा, सुमारे २३ मिलिसेकंदांचा. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे पाठवता येत नाही, म्हणून तेवढा वेळ जातो. पण साध्या इअरबड्सवर जो २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो, त्याचा हिशोब यातून लागत नाही.

सगळ्यात मोठा वाटा आहे तो इअरफोनच्या आतल्या साठ्याचा. आपल्या सोसायटीतल्या पाण्याचं उदाहरण घ्या. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढी धार. तरी तुमच्या नळाला दिवसभर पाणी असतं, कारण ते आधी गच्चीवरच्या टाकीत साठतं. ब्लूटूथचंही तसंच आहे. आवाजाची पाकिटं सलग येत नाहीत. काही वाटेत खराब होतात, ती पुन्हा मागवावी लागतात, मग चार-पाच एकदम येतात. कानात मात्र आवाज एका क्षणासाठीही तुटून चालत नाही. म्हणून इअरफोन आलेला आवाज लगेच वाजवत नाहीत, आधी साठवतात आणि मागून सोडत राहतात. टाकीत आत्ता पडलेलं पाणी नळापर्यंत यायला जो वेळ लागतो, तोच तुमच्या गोळीच्या आवाजाचा उशीर.

टाकी जितकी मोठी, तितका आवाज अखंड आणि तितकाच शिळा. टाकी लहान केली तर आवाज ताजा मिळतो, पण पाकीट यायला जरा वेळ लागला की टाकी कोरडी पडते आणि कानात 'टक्' होऊन आवाज तुटतो. खाली गेम मोड, डोंगल, कमी उशिराचे कोडेक यांबद्दल जे लिहिलं आहे, ते सगळं शेवटी या टाकीपाशीच येतं.

२०० मिलिसेकंद म्हणजे खेळात किती?

साध्या एसबीसी किंवा एएसीवर चालणाऱ्या इअरबड्सचा उशीर बहुधा १५० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान असतो. ६० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवत चालणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंदांत १२ फ्रेम निघून जातात. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा शत्रू तेवढ्यात जवळपास सव्वा मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे जिन्यावर त्याचं पाऊल ऐकू येईपर्यंत तो दाराच्या अलीकडे आलेला असू शकतो. पाऊल डावीकडे वाजलं की उजवीकडे हे मात्र बरोबरच कळतं. दिशा बिघडत नाही, वेळ बिघडतो.

लुडो, कॅरम, बुद्धिबळ खेळणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही. सगळ्यात जास्त त्रास ठेक्यावर बोट मारायच्या गेममध्ये होतो. तिथे ५० मिलिसेकंदांची चूकही गुण घालवते. म्हणून अशा काही गेममध्ये उशीर स्वतः भरून ठेवायची सोय असते, ती आधी शोधून पाहा.

आमच्या इअरबड्सचा उशीर घरच्या घरी कसा मोजायचा?

हा माझा आवडीचा भाग आहे आणि याला एक पैसा लागत नाही. दुसरा एक फोन आणि एखादा लॅपटॉप एवढं पुरे.

खोलीतला पंखा बंद करा. गेममधल्या सरावाच्या मैदानात जा, तिथे गोंगाट कमी असतो. एक इअरबड दुसऱ्या फोनच्या माइकच्या अगदी जवळ ठेवा आणि गेमचा फोनही त्याच्या शेजारीच असू द्या. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. आता गोळीचं बटण नखाने मारा, म्हणजे काचेवर 'टिक्' असा आवाज होईल. रेकॉर्डिंगमध्ये आधी नखाचा टिक् येतो आणि मग इअरबडमधून ठो. असं दहा-बारा वेळा करा, प्रत्येक वेळी मध्ये एखादा सेकंद थांबा.

रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन Audacity या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. आवाजाची रेघ मोठी करून पाहिलं की नखाचा बारीक काटा आणि त्याच्यामागचा गोळीचा जाड डोंगर वेगवेगळे दिसतात. काट्याच्या सुरुवातीपासून डोंगराच्या सुरुवातीपर्यंत माउसने ओढा, किती वेळ निवडला ते खाली आकड्यात दिसतं.

पण हा आकडा म्हणजे ब्लूटूथचा उशीर नव्हे, आणि इथेच बहुतेक जण फसतात. यात स्क्रीनला बोट कळायला लागलेला वेळ आहे, गेमला पुढच्या फ्रेमपर्यंत थांबावं लागलं तो वेळ आहे आणि फोनच्या स्वतःच्या आवाजयंत्रणेचाही वेळ आहे. म्हणून तोच फोन, तोच गेम आणि तीच बंदूक घेऊन वायरच्या इअरफोनवर पुन्हा मोजायचं आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायची. समान असलेलं सगळं कटतं आणि फक्त ब्लूटूथचं उरतं.

भाच्याच्या फोनवर आमची सरासरी अशी आली. वायरवर नखापासून आवाजापर्यंत १०० मिलिसेकंद. नेहमीच्या इअरबड्सवर एएसी चालू असताना २८५, म्हणजे ब्लूटूथचे १८५. त्याच इअरबड्सचा गेम मोड लावल्यावर १९०, म्हणजे ९०. शेजारच्या मुलाकडून आणलेल्या, टाइप-सी डोंगलवर चालणाऱ्या हेडफोनवर १३०, म्हणजे फक्त ३०. हे आकडे आमच्या फोनचे आहेत, तुमचे वेगळे येतील. क्रम मात्र सहसा हाच राहतो.

मोजताना आमच्या दोन चुका झाल्या, त्या तुम्ही टाळा. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नखाचा टिक् दिसेचना. त्या फोनचं रेकॉर्डर ॲप गोंगाट कमी करायच्या नादात तोही पुसून टाकत होतं. मग साध्या कॅमेऱ्याने व्हिडिओ घेतला आणि त्यातला आवाज वापरला. दुसरं म्हणजे पहिला ठोका मोजू नका. थोडा वेळ शांतता असली की काही फोन ब्लूटूथचा आवाज पाठवणं थांबवतात, मग पहिला आवाज येताना जास्त वेळ लागतो किंवा त्याची सुरुवातच कापली जाते. आणि प्रत्येक मापात दहा-पंधरा मिलिसेकंदांचा फरक पडला तर गोंधळू नका. फ्रेम नुकतीच गेल्यावर बोट पडलं की पुढच्या फ्रेमपर्यंत थांबावं लागतं, म्हणून माप मागेपुढे होतं. सरासरी धरा.

डब्यावर '४५ मिलिसेकंद' लिहिलं होतं, मोजलं तर ९० आले. फसवणूक झाली का?

सरळ तसं म्हणता येत नाही, पण तो आकडा तुमच्या खेळाचा नव्हे. डब्यावरचा आकडा बहुधा इअरबड्सच्या बाजूचा आणि चांगल्यात चांगल्या परिस्थितीतला असतो. समोरचा फोन आवाज पाठवण्याआधी किती साठवतो, हे त्यात धरलेलं असेलच असं नाही.

गेम मोड म्हणजे इअरबड्समधली टाकी लहान करणं. इअरबडवर तीनदा टॅप करून किंवा त्यांच्या ॲपमधून तो लागतो. कोडेक बहुतेक वेळा तोच राहतो. उशीर खरोखर कमी होतो, आमच्याकडे जवळजवळ निम्मा झाला. त्याची किंमत तुटणाऱ्या आवाजात मोजावी लागते. फोन समोर धरून बसलात तर सहसा काही होत नाही. फोन मागच्या खिशात ठेवून चालायला लागलात की टक्-टक् सुरू होतं, कारण आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. गाणी ऐकताना गेम मोड बंद ठेवा.

कोडेक बदलला तर उशीर कमी होईल का?

योग्य कोडेक दोन्ही बाजूंना असेल तर होईल. 'दोन्ही बाजूंना' हे महत्त्वाचं. फोनला मराठी येतं आणि इअरफोनला फक्त कन्नड, तर दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतात. ब्लूटूथमधली ती हिंदी म्हणजे एसबीसी. एका बाजूला भारी कोडेक असला आणि दुसरीकडे नसला, तर ते मुकाट्याने एसबीसी किंवा एएसीवर येतात आणि तुम्हाला कुणी सांगतही नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज एलडॅकबद्दल आहे. सोनीचा हा कोडेक संगीतासाठी उत्तम आहे, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. पण जास्त माहिती म्हणजे हवेत जास्त गर्दी, आणि ती सांभाळायला टाकीही मोठी लागते. मागच्या महिन्यात एका काकांनी मुलासाठी खास एलडॅकचे महागडे हेडफोन आणले, गेममध्ये लॅग राहू नये म्हणून. लॅग आधीपेक्षा वाढला. हेडफोन चांगलेच होते, फक्त कामाला चुकीचे.

उशीर कमी करण्यासाठीच बनवलेला जुना कोडेक म्हणजे ॲप्टएक्स लो लेटन्सी, सुमारे ४० मिलिसेकंदांचा. पण तो फोनांत फारसा आलाच नाही. टीव्हीला लावायच्या ट्रान्समीटरांत आणि त्यांच्या हेडफोनांत तो सापडतो. आता त्याची जागा ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्हने घेतली आहे. तो बनवणारी क्वालकॉम कंपनी त्याचा उशीर ५० ते ८० मिलिसेकंद सांगते. तो मिळवायचा तर फोन स्नॅपड्रॅगन चिपचा असावा लागतो आणि कंपनीने तो चालू ठेवलेला असावा लागतो. नुसतं स्नॅपड्रॅगन आहे म्हणून तो असेलच असं नाही.

तिसरा रस्ता एलई ऑडिओचा आहे आणि मला पुढच्या काळासाठी तोच खरा वाटतो. २०२० मध्ये ब्लूटूथ ५.२ बरोबर तो जाहीर झाला आणि अँड्रॉइड १३ पासून फोनांत आला. त्याचा एलसी३ कोडेक १० किंवा ७.५ मिलिसेकंदांचे तुकडे करतो. पण खरी सुधारणा वेगळीच आहे. प्रत्येक तुकडा कधी निघायचा आणि कधी वाजायचा, याचं वेळापत्रक आधीच ठरतं. वेळेत न पोचलेला तुकडा सोडून दिला जातो, त्याच्यासाठी बाकीचे खोळंबत नाहीत. त्यामुळे मोठी टाकी बांधायची गरजच कमी होते. यातही फोन आणि इअरबड्स दोघांना एलई ऑडिओ यावं लागतं. फोनमध्ये जोडलेल्या इअरबड्सच्या तपशिलात LE Audio असं बटण दिसलं आणि ते चालू झालं, तर तुमच्याकडे ते आहे.

सध्या कोणता कोडेक चालू आहे ते कसं बघायचं?

अँड्रॉइडवर Settings मध्ये About phone उघडा आणि Build number वर सात वेळा टॅप करा. मग Developer options दिसू लागतात, त्यात Bluetooth audio codec शोधा. इअरबड्स जोडलेले असतानाच बघा, नाहीतर तिथे काही उपयोगाचं दिसणार नाही. जे कोडेक दोघांनाही येतात तेवढेच निवडता येतात, बाकीचे पुसट दिसतात. तिथे बदललेला कोडेक पुन्हा जोडणी झाल्यावर बऱ्याच फोनांत मूळपदावर जातो, तेव्हा खेळायच्या आधी एकदा नजर टाका. त्या पानावरच्या बाकीच्या गोष्टींना हात लावू नका.

आयफोनवर ही निवड नाही. तो एएसी किंवा एसबीसीवर चालतो, ॲप्टएक्स त्यात नाहीच. म्हणून आयफोनवाल्यांनी ॲप्टएक्सचं नाव बघून जास्तीचे पैसे देऊ नयेत.

ब्लूटूथ ५.३ किंवा ५.४ घेतलं की लॅग जातो का?

आकड्याने जात नाही. तो एका मोठ्या नियमावलीचा क्रमांक आहे आणि तिच्यातला प्रत्येक भाग कंपनीने घेतलाच पाहिजे असं नसतं. ५.३ लिहिलेले कितीतरी इअरबड्स आतून त्याच जुन्या पद्धतीने एसबीसी वाजवतात. डब्यावर एलई ऑडिओ लिहिलंय का ते बघा, क्रमांक सोडा.

वायरचे इअरफोन लावले तर उशीर शून्य होतो का?

वायरचा स्वतःचा उशीर शून्यच धरा. फोनच्या आतला उशीर उरतो, तो तुमच्या स्पीकरवरही असतोच. तो थोडा कमी करायचा तर गेमची फ्रेम-मर्यादा ३० वरून ६० करा. एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांऐवजी १७ ची होते, तेवढं बोट लवकर पोचतं.

खरी अडचण जॅकची आहे. बऱ्याच नव्या फोनांना ३.५ मिलिमीटरचा जॅक नसतो आणि मग टाइप-सीचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. हे कन्व्हर्टर दिसायला सारखे आणि आतून दोन जातींचे असतात. एका जातीत नुसत्या तारा असतात, आवाज फोननेच तयार करून द्यायचा. दुसऱ्या जातीत आवाज तयार करणारी चिप, म्हणजे डॅक असतो. तुमचा फोन टाइप-सीमधून तयार आवाज देत नसेल, तर पहिल्या जातीचा कन्व्हर्टर त्यावर मुका राहतो. भाच्याने ठाणे स्टेशनबाहेर घेतलेला पहिला कन्व्हर्टर असाच निघाला. माझ्या जुन्या फोनवर तो छान वाजला, त्याच्या फोनवर एक अक्षर नाही. दुकानदाराला 'डॅकवाला द्या' असं स्पष्ट सांगा आणि तिथेच स्वतःच्या फोनला लावून बघा. डॅकवाल्या कन्व्हर्टरचा उशीर काही मिलिसेकंदांचाच असतो, खेळात कळणार नाही.

डोंगल घ्यावा का? आणि डोंगल म्हणजे नेमका कोणता?

या एका शब्दाखाली बाजारात तीन वस्तू विकल्या जातात, म्हणून जपून.

एक असतो लॅपटॉपला ब्लूटूथ देणारा छोटा यूएसबी डोंगल. तो फक्त ब्लूटूथचा रेडिओ आहे, उशीर कमी करत नाही. गेमिंगसाठी म्हणून हा घेतलेली दोन मुलं मला आमच्याच इमारतीत भेटली. दुसरा असतो ऑडिओ ट्रान्समीटर. लॅपटॉपला किंवा फोनला तो साऊंडकार्डसारखा दिसतो आणि आत स्वतःचा ब्लूटूथ आणि स्वतःचा कोडेक चालवतो. तुमच्या हेडफोनमध्ये ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह असेल आणि फोनमध्ये नसेल, तर तशा ट्रान्समीटरने ती उणीव भरून निघते.

तिसरा आणि खेळासाठी खरा उपयोगाचा म्हणजे हेडफोनबरोबरच मिळणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल. तो ब्लूटूथ वापरतच नाही. डोंगल आणि हेडफोन एकाच कंपनीचे, एकमेकांसाठीच बनवलेले, म्हणून ते आपसात स्वतःच्या भाषेत बोलतात. जगातल्या कुठल्याही फोनशी जमवून घ्यायची सक्ती नसल्यामुळे टाकी अगदी लहान ठेवता येते. उशीर साधारण २० ते ४० मिलिसेकंद. तोटा असा की डोंगल हरवला तर दुसरा कुठलाही चालत नाही.

फोनवर वापरताना आणखी दोन अडचणी येतात. डोंगल चार्जिंगची जागा अडवतो, त्यामुळे मागे चार्जिंगची खाच असलेला डोंगल बघून घ्या. आणि काही फोनांत ओटीजी, म्हणजे फोनला यूएसबीची दुसरी वस्तू जोडायची सोय, मुळात बंद असतं, चालू केलं तरी दहा मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं. डोंगल 'मेला' म्हणून परत द्यायला निघालेल्या एका मुलाच्या फोनमध्ये फक्त OTG connection चालू करायचं होतं. फोन आडवा धरल्यावर सरळ डोंगल तळहाताखाली येतो आणि जरा जोर पडला की तुटतो. काटकोनात वळलेला असेल तर हात मोकळा राहतो.

घरी ठीक चालतं, पण संध्याकाळी किंवा ट्रेनमध्ये आवाज तुटतो. इअरबड्स खराब झाले का?

बहुधा नाही. ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल आणि जुनं वायफाय हे तिघंही एकाच पट्ट्यात बोलतात. जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ त्या पट्ट्यातल्या ७९ वाटांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत गर्दी चुकवतं. पण आमच्यासारख्या इमारतीत संध्याकाळी प्रत्येक घरातला राउटर भरात असतो, मोकळ्या वाटा उरतातच किती? घणसोलीहून ठाण्याला जाताना ऐरोलीला डबा भरला, की डझनावारी इअरबड्स एकमेकांच्या कानात ओरडत असतात.

सगळ्यात जवळचा शत्रू मात्र तुमच्याच फोनचं वायफाय असतं. कितीतरी फोनांत २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय आणि ब्लूटूथ एकच अँटेना वाटून वापरतात, एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. फोन घरच्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या नावावर जोडा. माझ्याकडे एवढ्यानेच गेम मोडमधली टक्-टक् जवळपास थांबली. खात्री करायची तर वायफाय बंद करून पाच मिनिटं मोबाइल डेटावर खेळून बघा. ट्रेनमध्ये यावर इलाज नाही, तिथे वायरच लावा.

टीमशी बोलायला माइक चालू केला की गेमचा आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. का?

जुन्या ब्लूटूथमध्ये चांगला आवाज एकाच दिशेने जातो. माइक लागला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते, आणि ती बोलण्यासाठी बनलेली आहे. आवाज एकसुरी, म्हणजे मोनो होतो आणि त्याची बारकाई जाते. गंमत अशी की या पद्धतीत उशीर कमी असतो, पण पाऊल डावीकडे की उजवीकडे हेच कळेनासं होतं, मग तो काय कामाचा?

गेमच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून फोनचा माइक निवडता येत असेल तर तो निवडा, कानात चांगला आवाज टिकतो. वायर आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या डोंगलला हा त्रास नाही. एलई ऑडिओतही दोन्ही दिशांना चांगला आवाज जाण्याची सोय आहे.

मग भाच्यासाठी शेवटी काय घेतलं?

डॅकवाला टाइप-सी कन्व्हर्टर आणि घरातच पडून असलेले माइकचे वायरवाले इअरफोन. शाळेतला मुलगा आहे, दिवसातून तासभर खेळतो, डोंगलच्या हेडफोनचे पैसे घालायचं काही कारण नव्हतं. इअरबड्स तो गाण्यांसाठी आणि क्लासच्या व्हिडिओंसाठी वापरतो. कधी वायर विसरला तर गेम मोड लावतो आणि फोन ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवतो. परवा त्याने त्याच्या मित्राचे इअरबड्स नखाने टिकटिक करून मोजले आणि मला आकडे पाठवले. पहिला ठोका त्याने आठवणीने गाळला होता.